आरोग्यलेखातला अभ्यास खरंच झाला आहे का? तपासताना या चुका टाळा

मशीनकडून लिहून घेतलेल्या आरोग्यलेखांत हल्ली ज्या धाटणीची वाक्यं येतात, त्यांवर बेतलेला एक नमुना घेऊ: ‘पुण्यातील संशोधकांनी २०२१ मध्ये १२० मधुमेही रुग्णांवर केलेल्या अभ्यासानुसार, रोज सकाळी चमचाभर भिजवलेल्या मेथीचं पाणी प्यायल्यास १५ दिवसांत रक्तातली सरासरी साखर दाखवणारं एचबीए१सी दीड टक्क्याने घटतं.’ खाली लेखकांची नावं, जर्नल, खंड, पानं, निबंधाचा ओळखक्रमांक म्हणजे डीओआय, सगळं जागच्या जागी. असा अभ्यास झालेलाच नाही.

भाषेचं मॉडेल नुसत्या आठवणीवर संदर्भ लिहितं तेव्हा ते कुठलाही शोधनिबंध उघडून पाहत नाही. अशा वाक्यापुढे साधारण काय येतं, ते जुळवत जातं. म्हणून साचा बिनचूक असतो, आणि पुण्याचं नाव तर त्यात चपखल बसतं. इथल्या केईएम रुग्णालयाचा गर्भवती माता आणि मुलांच्या पोषणाचा अभ्यास पुण्याजवळच्या गावांत १९९३ मध्ये सुरू झाला आणि जगभर गाजला. त्याचा मेथीशी काही संबंध नाही, पण वाचणाऱ्याला ‘असेल बुवा’ वाटायला तेवढं पुरतं.

पहिली चूक इथेच होते: संशोधकाचं नाव ओळखीचं दिसलं, की निबंधही खरा मानला जातो. दुसरी, लिंक उघडली म्हणून समाधान मानणं. डीओआय `doi.org` वर टाका आणि उघडलेल्या निबंधाचं शीर्षक संदर्भातल्या शीर्षकाशी शब्दशः ताडून पाहा. कधी काहीच उघडत नाही, कधी भलत्याच विषयावरचा खराखुरा निबंध उघडतो. मग पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत असं शोधा:

```
fenugreek[ti] AND diabetes
```

`[ti]` मुळे मेथीचं इंग्रजी नाव फक्त शीर्षकांत शोधलं जातं. मात्र पबमेडवर सापडला नाही म्हणजे खोटाच, असं नाही; आपल्याकडची बरीच जर्नल्स तिथे नसतात. निकाल लागतो तो जर्नलच्या स्वतःच्या साइटवर. सांगितलेला खंड, अंक आणि पान काढा. त्या पानावर दुसराच निबंध असेल, किंवा त्या वर्षी तो खंड निघालाच नसेल, तर शंकेला जागा उरत नाही. नुसतं गुगल करून थांबू नका, कारण तेच वाक्य उचललेले दहा लेख समोर येतात आणि तो दहा जणांचा दुजोरा वाटतो.

आता सगळ्यात घातक चूक. संदर्भ खोटा निघाला, म्हणून त्याच विषयावरचा खरा शोधून तिथे चिकटवायचा आणि दावा तसाच ठेवायचा. मेथीवर खरे अभ्यास आहेत. १९९० मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांचा एक प्रसिद्ध झाला. त्यात टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांना रोज १०० ग्रॅम, तेलाचा अंश काढलेली मेथीपूड दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणातून १० दिवस दिली होती. उपाशीपोटीची साखर आणि लघवीतून जाणारी साखर, दोन्ही घटल्या. चमचाभर मेथी म्हणजे जेमतेम चार-पाच ग्रॅम, तीही पूड नव्हे, भिजवलेलं पाणी. रुग्ण वेगळे, मात्रा वेगळी, मोजमाप वेगळं. हा संदर्भ तिथे लावला तर लिंक खरी आणि वाक्य खोटं, असा लेख तयार होतो, आणि तो पकडणं जास्त अवघड असतं.

इथे डॉक्टर लागतात. पण ओपीडीच्या गडबडीत ‘डॉक्टर, एकदा नजर टाका ना’ म्हणून अख्खा लेख पाठवला, तर संदर्भ आपण तपासलेत असं ते गृहीत धरतात, आणि डॉक्टरांनी पाहिलंय असं आपण. म्हणून संदर्भांची शहानिशा संपादकाने आधीच उरकावी. डॉक्टरांकडे प्रत्येक दावा आणि त्याखाली मूळ निबंधाचा सारांश पाठवावा, आणि विचारावं: यातून हे निघतं का? रुग्णाने हे वाचून तसंच केलं तर काय होईल?

पहिल्या प्रश्नावर १५ दिवसांचा दावा लगेच गळतो. लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे एचबीए१सी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं. पंधरवड्यात दीड टक्क्याची घट विश्वास ठेवण्यासारखी नाही. दुसऱ्या प्रश्नावर अशा लेखांत हमखास येणारं एक वाक्य अडकतं: ‘साखर आटोक्यात आली की गोळी कमी करता येते.’ हे वाचून कुणी मनानेच गोळी सोडेल. उलट ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेल्याने मेथीचा मारा केला आणि जेवण टाळलं, तर साखर फार खाली जाऊन घाम, थरथर, भोवळ येऊ शकते. ते वाक्य काढायचं आणि त्या जागी हा धोका लिहायचा.

लेखाखाली ‘वैद्यकीय तपासणी’ म्हणून डॉक्टरांचं नाव देताना तारीखही द्या. आणि त्यांनी पाहिल्यानंतर मथळा बदलला, तर तो पुन्हा त्यांच्याकडे गेलाच पाहिजे. मजकुरात ‘थोडा उपयोग होऊ शकतो’ आणि मथळ्यात ‘मेथीने मधुमेह पळवा’, ही गफलत तपासणी झाल्यानंतरच होते.