स्पार्क क्लस्टर की अथेना? जयगडच्या पडवीतला हिशेब

जयगडला आमच्या पडवीत बसलं की खाडीच्या तोंडाशी नांगरलेली जहाजं दिसतात. माझं कामही जहाजांचंच. जहाजाची जागा कळवणाऱ्या एआयएस यंत्रांकडून येणाऱ्या नोंदींवरून रोज रात्री चार अहवाल काढायचे. मोठं जहाज चालत असताना दर २ ते १० सेकंदांनी आपली जागा कळवतं, त्यामुळे आमच्याकडे दिवसाला १० जीबी सीएसव्ही साचते.

सुरुवातीला मी अथेनावर, म्हणजे साठवलेल्या फाइलींवर क्वेरी चालवू देणाऱ्या अ‍ॅमेझॉनच्या सेवेवर, थेट क्वेरी चालवायचो. तिथे मशीनचं भाडं नसतं, वाचलेल्या डेटाचे पैसे पडतात: एका टीबीला ५ डॉलर. प्रत्येक अहवाल मागचे ३० दिवस, म्हणजे ३०० जीबी वाचायचा. एकाचा दीड डॉलर, चारांचे सहा, महिन्याचे १८०. तोच डेटा रोज चारदा वाचला जात होता आणि चारदा पैसे जात होते, हे मला बिल आल्यावर कळलं.

मग अ‍ॅमेझॉनच्याच ईएमआर सेवेवर रात्रीपुरता स्पार्क क्लस्टर उभा केला, म्हणजे काम वाटून घेणाऱ्या भाड्याच्या मशीनचा गट. पाच मशीन, सगळं धरून तासाला सव्वा डॉलरच्या आत. डेटा एकदाच वाचून चारही अहवाल ४० मिनिटांत निघायचे. रात्रीचे ८० सेंट.

इथे माझी एक चूक झाली. क्लस्टर बंद करायची आज्ञा मी शेवटच्या स्टेपमध्ये ठेवली होती आणि स्टेप फसल्यास काय करायचं ते `CANCEL_AND_WAIT` होतं. जूनमधल्या एका शनिवारी पहाटे दोन वाजता पहिलीच स्टेप फसली. पुढच्या सगळ्या रद्द झाल्या, त्यात बंद करायचीही. पावसाने रेंज गेलेली, मी सोमवारी नऊला पाहिलं तर क्लस्टर `Waiting` दाखवत होता. ५५ तास, ६६ डॉलर. तेव्हापासून क्लस्टर बनवतानाच हे लिहितो. अर्धा तास काम नसेल तर तो आपोआप बंद होतो:

```
--auto-termination-policy IdleTimeout=1800
```

खरा फरक मात्र फाइलच्या प्रकाराने पडला. सीएसव्हीत चार कॉलम हवे असले तरी अख्खी ओळ वाचावी लागते. पार्के या प्रकारात डेटा कॉलमवार साठवलेला असतो, म्हणून हवे तेवढेच कॉलम वाचले जातात. तारखेनुसार पार्टिशन करून पार्के केल्यावर तीच क्वेरी ३०० ऐवजी १२ जीबी वाचू लागली. सहा सेंट. क्वेरी संपली की अथेना `Data scanned` दाखवते. नव्या माणसाने आधी तिथे बघावं.

मग स्पार्क कशाला? नोंदी जोडून जहाजाची फेरी बनवताना प्रत्येक जहाजाच्या नोंदी वेळेनुसार लावाव्या लागतात. ते अथेनावर केलं तेव्हा `Query exhausted resources at this scale factor` म्हणून क्वेरी मोडायची. स्पार्क मेमरी भरली की डिस्कवर उतरवतो. वेळ जास्त लागतो, पण काम पुरं होतं.

आता स्पार्क रात्री २० मिनिटं फक्त नव्या दिवसाच्या फेऱ्या बनवून पार्के लिहितो, त्याचे ४० सेंट. अहवाल अथेनावर, २४ सेंट. एकूण ६४. आधीच्या ८० पेक्षा फार कमी नाही, पण कुणी दुपारी एखादा अहवाल पुन्हा मागितला तर क्लस्टर उभा राहायची वाट न बघता सहा सेंटांत देता येतो.