नॉर्दर्न लाइट्स बघायच्यात? मग आधी ढगांचं बघा

लोक नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे ऑरोरा, बघायला नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला जातात आणि दिवसभर अॅपमध्ये केपीचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात किती खळबळ आहे ते सांगणारा आकडा बघत बसतात. आज २ आहे, अरेरे, उद्या ४ आहे, वा! पण ट्रॉम्सो जवळजवळ ७० अंश उत्तरेला, म्हणजे ऑरोराच्या पट्ट्याच्या बरोबर खाली आहे, तिथे केपी १-२ असला तरी काम होतं. घोळ घालतात ते ढग. म्हणून सगळं प्लॅनिंग ढगांना चुकवायच्या हिशोबाने करायचं.

आधी महिना. मे ते जुलै विसराच, तिथे रात्रच होत नाही. सीझन सप्टेंबर ते मार्चअखेर. मी मार्च निवडला, कारण रात्री अजून पुरेशा काळ्या असतात, दिवसा फिरायला उजेड मिळतो आणि विषुवदिनाच्या आसपास पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सौरवाऱ्याशी जास्त सहज जुळतं म्हणून ऑरोराही थोडा जास्त खेळतो. डिसेंबरमध्ये अंधार भरपूर, पण किनाऱ्यावर हवा बेभरवशाची.

मग रात्री किती ठेवायच्या? समजा एका रात्री आकाश मोकळं मिळायची शक्यता ४० टक्के. दोन रात्रींचा मुक्काम असेल तर रिकाम्या हाताने परतायची शक्यता ३६ टक्के, पाच रात्रींना ती ८ टक्क्यांवर येते. खरं तर खराब हवा आली की दोन-तीन दिवस ठाण मांडून बसते त्यामुळे गणित इतकं सरळ नाही, पण म्हणूनच तर दोन रात्रींचं पॅकेज घेऊ नका. पाच रात्री ठेवा, आणि फ्लाइटच्या आदल्या रात्रीच्या भरवशावर राहू नका.

आता मुख्य काम, रोज दुपारी चारला करायचं. yr.no ही हवामानाची साइट उघडायची आणि तीन ठिकाणांचे ढग शेजारी शेजारी बघायचे: किनाऱ्यावरचं ट्रॉम्सो, आतल्या बाजूचं शीबोट्न आणि फिनलंडच्या सीमेपलीकडचं किल्पिसयार्वी. नुसता "ढगाळ" शब्द बघून निराश होऊ नका, ढग किती उंचीवर आहेत ते बघा. वरच्या पातळ ढगांतून ऑरोरा दिसतो, खालचे जाड ढग मात्र झाकणच घालतात. मग वारा बघायचा. समुद्रावरून, पश्चिमेकडून येत असेल तर ढग किनाऱ्याच्या डोंगरांवर अडकून रिकामे होतात आणि आतल्या बाजूला आकाश मोकळं मिळतं, अगदी आपल्याकडे महाबळेश्वरला धो धो आणि वाईच्या पुढे कोरडं तसं. वारा पूर्वेचा असेल तर उलटं, मग किनाऱ्याच्या क्वालोया बेटाकडे जायचं.

आमच्या तिसऱ्या रात्री ट्रॉम्सोत बर्फ पडत होता, शीबोट्नला अर्धे ढग, किल्पिसयार्वीला जवळजवळ शून्य. मिनीबसवाल्याने सरळ ई-८ रस्ता धरला, अडीच-तीन तास. शीबोट्नच्या पुढे घाट चढल्यावर एकेक तारा दिसायला लागला आणि बसमध्ये सगळे एकदम गप्प. (पासपोर्ट बरोबर ठेवा, देश बदलतोय.) स्वतः गाडी चालवायचा मोह होतो, पण बर्फाळ रस्त्यावर रात्री चालवायची सवय नसेल तर नकोच.

उतरल्यावर आकाशात फिकट राखाडी पट्टा दिसला. मला वाटलं ढगच. तर युक्ती अशी की पट्ट्यातून तारे दिसतायत का बघायचं आणि फोन नाइट मोडवर टेकवून तीन सेकंदांचा फोटो काढायचा, हिरवा आला की ऑरोरा. तो तासभर तसाच पडून होता, साडेअकराला एकदम पेटला, दहा मिनिटं डोक्यावर नाचला आणि गेला. म्हणून दहा ते एक जागा सोडायची नाही.

आणि थंडी. ट्रॉम्सोत उणे ५ असताना किनाऱ्यापासून आतल्या भागात उणे २० होतं, आणि तुम्ही चालत नसता, नुसते उभे असता. अंगाला लागून मेरिनो लोकरीचं थर्मल, वर फ्लीस, वर जाड डाउन जॅकेट. कॉटन अजिबात नको, घाम धरून ठेवतं. माझी चूक बुटात झाली, दोन जाड मोजे कोंबले, बूट घट्ट झाला, आतली हवा गेली आणि अर्ध्या तासात बोटं बधिर. बूट एक साइज मोठाच घ्या. फोन आणि पॉवर बँक आतल्या खिशात, नाहीतर ४० टक्क्यांवरून फोन थेट बंद पडतो. कॅमेरा असेल तर बसमध्ये शिरण्याआधीच बॅगेत बंद करा, नाहीतर उबेत काचेवर दव धरतं आणि पुढच्या स्टॉपला नुसतं पुसत बसावं लागतं.