टीसीएल टाकलं, पण पाणी शुद्ध झालं का? ड्रममधल्या पाण्याचं क्लोरिनेशन

पावसाळ्यात गावात जुलाबाचे रुग्ण वाढले की घरोघरी टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरची चौकशी सुरू होते. चमचाभर पावडर ड्रममध्ये टाकली, काठीनं ढवळलं आणि लगेच कळशी भरून घेतली, असं सर्रास होतं. यात दोन चुका आहेत. क्लोरिनला जंतू मारायला वेळ मिळाला नाही, आणि शेवटी पाण्यात क्लोरिन उरलं की नाही हे कुणी पाहिलंच नाही.

पावडर थेट पाण्यात टाकू नका, आधी द्रावण करा. ताज्या टीसीएलमध्ये सुमारे 33 टक्के क्लोरिन असतं, पण पोतं उघडं राहिलं, ओल लागली की ते उडून जातं. गोळे झालेली, उग्र वास न येणारी पावडर बिनकामाची. साधारण 25 टक्के क्लोरिन धरून 40 ग्रॅम पावडर घ्या, थोड्या पाण्यात कालवा, मग पाणी घालून 1 लिटर करा. अर्ध्या तासात चुना तळाशी बसतो. वरची निवळ तेवढी प्लास्टिकच्या गडद बाटलीत भरा. हे झालं 1 टक्क्याचं द्रावण. उन्हात ठेवलं तर त्याचा जोर जातो, म्हणून सावलीत ठेवा आणि दर आठवड्याला नवं करा. बाटलीवर नाव लिहा, मुलांच्या हाताला लागू देऊ नका. संडास धुण्याच्या अ‍ॅसिडशी त्याचा संबंध येऊ देऊ नका, विषारी वायू तयार होतो.

आता ड्रम. 25 लिटर स्वच्छ पाण्याला 5 मिलिलिटर, म्हणजे औषधाच्या मापातला एक छोटा चमचा. 200 लिटरच्या ड्रमला 40 मिलिलिटर. घालून नीट ढवळा, झाकण लावा आणि घड्याळ लावून निदान अर्धा तास पाण्याला हात लावू नका. थंडीत पाणी गार असेल तर तासभर थांबा, कारण गार पाण्यात क्लोरिन सावकाश काम करतं.

पाणी गढूळ असेल तर हेच माप फसतं. माती, पालापाचोळा, सेंद्रिय घाण आधी क्लोरिन खाऊन टाकते आणि जंतूंसाठी काही उरत नाही. अशा वेळी तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी सुती कापडातून दुसऱ्या ड्रममध्ये गाळून घ्या, मगच क्लोरिन घाला.

अर्ध्या तासानंतर ओटी टेस्ट करा, म्हणजे पाण्यात क्लोरिन किती उरलं ते रंगावरून पाहा. किटच्या नळीत पाणी घेऊन सांगितलेले थेंब टाका आणि रंग लगेच, पहिल्या काही सेकंदांत पाहा. मोकळ्या क्लोरिनचा पिवळा रंग तेव्हाच येतो. उशिरा चढणारा रंग बहुतेक घाणीशी जोडल्या गेलेल्या क्लोरिनचा असतो, त्याची जंतू मारण्याची ताकद बरीच कमी. नळीतलं पाणी चाखू नका, परत ड्रममध्येही ओतू नका.

समजा, 200 लिटरच्या ड्रममध्ये 40 मिलिलिटर घातलं आणि अर्ध्या तासानं रंगच आला नाही. याचा अर्थ सगळं क्लोरिन घाणीत खर्ची पडलं. आणखी 20 मिलिलिटर घाला, पुन्हा अर्धा तास थांबा, पुन्हा तपासा. तक्त्यावरचा रंग लिटरमागे 0.5 मिलिग्रॅमच्या आसपास जुळला की पाणी प्यायला घ्या. नारिंगी छटा आली तर क्लोरिन जास्त झालंय; साधं पाणी मिसळून ते कमी करू नका, ड्रम काही तास तसाच ठेवा आणि परत तपासा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा टेस्ट करा. निदान 0.2 मिलिग्रॅम उरायला हवं. हे उरलेलं क्लोरिन म्हणजे पाण्याचा पहारेकरी. कॉलरा, हगवण, टायफॉइडचे जंतू विष्ठेतून येतात आणि नळाला पाणी नसतं तेव्हा फुटक्या जोडातून गटाराचं पाणी जलवाहिनीत ओढलं जातं. ते टाकीपाशी टेस्ट केल्यानं कळत नाही. तसंच घरात कुणीतरी पेला बुडवतं, बोटं पाण्याला लागतात. त्या क्षणी हंड्यात क्लोरिन शिल्लक असेल तर ते जंतू तिथेच मरतात, एका घरातला जुलाब दुसऱ्या घरी जात नाही. क्लोरिन संपलेलं पाणी मात्र काल शुद्ध केलेलं असलं तरी आज पहिल्या बोटासरशी बिघडतं. म्हणून पाणी ओगराळ्यानं काढा किंवा हंड्याला तोटी बसवा.

क्लोरिनला न जुमानणारेही आहेत. क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीवर ही मात्रा चालत नाही, जिआर्डियाही चिवट असतो. आजारी माणूस, तान्हं बाळ असेल तर त्यांच्यापुरतं पाणी खळखळून उकळा. फ्लोराइड, नायट्रेट किंवा क्षार क्लोरिननं जात नाहीत. वासाची तक्रार असेल तर प्यायचं पाणी झाकलेल्या भांड्यात थोडा वेळ ठेवा. हलका वास येतोय म्हणजे पहारेकरी अजून जागा आहे.