वेळापत्रकाचा फोटो आणि "ही गाडी मिळेल का?"

परदेशात नव्याने आलेल्या मंडळींकडून मला हमखास येणारा प्रश्न असा असतो: स्टेशनवरच्या वेळापत्रकाचा मोबाईलने काढलेला फोटो, आणि खाली "शनिवारी संध्याकाळी जायचंय, मध्ये गाडी बदलायची आहे, कनेक्शन मिळेल का?" ॲपवर मिळतं की सगळं, असं कुणी म्हणेल. पण छोट्या स्टेशनवर नेट नसतं, फोनची बॅटरी उतरलेली असते, आणि भिंतीवरचा कागद तेवढा समोर असतो. तो वाचता आला पाहिजे.

आधी फोटोबद्दल. बहुतेक जण वेळांचे आकडे तेवढे टिपतात आणि कागदाचा माथा नि तळ कापून टाकतात. खरी माहिती नेमकी तिथेच असते. माथ्यावर वेळापत्रक कधीपासून कधीपर्यंत लागू आहे ते लिहिलेलं असतं. युरोपात मुख्य बदल दरवर्षी डिसेंबरच्या मध्यावर होतो, त्यामुळे त्या सुमारास काढलेल्या फोटोत तारीख दिसत नसेल तर मी उत्तरच देत नाही. तळाशी खुणांचे अर्थ असतात. शेजारी तात्पुरत्या बदलाचा वेगळा कागद चिकटवलेला असेल, तर त्याचाही फोटो हवा, कारण त्या दिवसांपुरता तोच खरा. आणि कागद सुटण्याच्या वेळांचा आहे की येण्याच्या, हेही पाहा. जर्मनीत सुटण्याचा कागद पिवळा आणि येण्याचा पांढरा असतो. पांढऱ्यासमोर उभं राहून गाडी पकडायचा बेत आखणारे दरवर्षी भेटतात.

आता एक उदाहरण घेऊ. स्टेशनांना क, ख, ग म्हणू. प्रवासी शनिवारी क वरून निघून ख ला गाडी बदलणार आणि ग ला पोहोचणार. फोटोत दोन तक्ते आहेत: क ते ख आणि ख ते ग. डावीकडे वरून खाली स्टेशनांची नावं, आणि प्रत्येक उभा रकाना म्हणजे एक गाडी.

प्रवाशाने लिहिलं होतं: "१७:४२ ची गाडी ख ला १८:३१ ला पोहोचते, पुढची १८:३४ ला आहे. तीन मिनिटांत जमेल का?"

ख हे नाव तक्त्यात दोनदा आलं होतं, एकाखाली एक. मोठ्या स्टेशनांचं असं करतात. वरच्या ओळीत गाडी येण्याची वेळ, खालच्या ओळीत तीच गाडी पुढे सुटण्याची. प्रवाशाने खालची ओळ वाचली होती. वरच्या ओळीत १८:२६ होतं, की १८:२८? फोटो तिरका, त्यावर ट्यूबलाइटची चमक, त्यामुळे सहा आणि आठ सारखेच दिसत होते. अशा वेळी डोळे ताणून उपयोग नाही, शेजारचे रकाने पाहायचे. १५:४२ ची गाडी १६:२६ ला पोहोचत होती, १६:४२ ची १७:२६ ला. दर तासाला त्याच मिनिटाला सुटणारी, सगळीकडे थांबणारी गाडी सहसा तेवढाच वेळ घेते. चव्वेचाळीस मिनिटं, म्हणजे १८:२६. फोटो तिरका असला की नजर एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर घसरते, तेही असंच पकडता येतं: एका रकान्यात वरून खाली जाताना वेळ पुढेच सरकली पाहिजे. मध्येच मागे गेली, तर ओळ चुकली किंवा मध्यरात्र उलटली.

तेव्हा हातात तीन नाही, आठ मिनिटं आहेत. प्रवासी खूश झाला असता. पण १८:३४ च्या डोक्यावर वर्तुळात ए हे अक्षर होतं. युरोपातल्या अनेक वेळापत्रकांत त्याचा अर्थ सोमवार ते शुक्रवार, सुट्ट्या सोडून. शनिवारी ती गाडीच नाही.

या खुणांवर जरा थांबतो, कारण निम्मी उत्तरं इथेच फसतात. एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे म्हणजे कामाचे दिवस. आपण शनिवार त्यात धरणार नाही, पण युरोपातल्या अनेक वेळापत्रकांत कामाचा दिवस म्हणजे सोमवार ते शनिवार. छोटा क्रूस म्हणजे रविवार आणि सणाच्या सुट्ट्या. म्हणजे मंगळवारी सार्वजनिक सुट्टी आली, तर त्या दिवशी रविवारच्या गाड्या धावतात, आणि सुट्ट्या प्रांताप्रांतांत वेगळ्या असू शकतात. तरी तळातला खुलासा वाचल्याशिवाय कुठल्याही खुणेवर भरवसा ठेवू नका, कारण दुसऱ्या देशात तीच खूण वेगळी असू शकते. रात्रीच्या गाडीला तर आणखी एक पेच असतो. तिच्यावर "शुक्रवारी" लिहिलं असेल, तर तो वार सहसा ती जिथून सुरू होते तिथला असतो. तुमच्या स्टेशनवर ती ००:४० ला आली, तर तुमच्यासाठी शनिवार उजाडलेला असतो.

पुन्हा उदाहरणाकडे. १८:३४ गेली, मग पुढचा रकाना १९:०४. पण त्यात ग च्या ओळीत वेळेच्या जागी उभी रेघ होती. रेघ म्हणजे गाडी त्या स्टेशनावरून जाते, थांबत नाही. जागा कोरी किंवा ठिपक्यांची असेल, तर बऱ्याचदा गाडी त्या मार्गाने जातच नाही. प्रवाशाच्या दृष्टीने दोन्ही सारखंच, पण एक्स्प्रेस ग ओलांडून पुढच्या मोठ्या स्टेशनवर थांबत असेल तर तिथून मागे येणारी गाडी शोधता येते. त्यानंतरची १९:३४ मात्र रोजची होती, ग ला २०:२१.

म्हणजे शनिवारी १७:४२ ने गेलात तर ख ला एक तास आठ मिनिटं बसावं लागेल. त्यापेक्षा १८:४२ ने निघून १९:२६ ला ख गाठलं, तर आठ मिनिटांत तीच १९:३४ मिळते. पण आठ मिनिटं पुरतील का, हे वजाबाकीवर ठरत नाही. समोरच्याच प्लॅटफॉर्मवर गाडी असेल तर आरामात. जिना उतरून, बोगद्यातून, सामानासकट चौदा नंबरवर जायचं असेल, तर अवघड. शिवाय काही देशांत दारं सुटण्याच्या वेळेआधीच बंद होतात. प्लॅटफॉर्मचा नंबर वेळेशेजारी छापलेला असला, तर दोन्ही गाड्यांचा पाहा.

मी आणखी एक गोष्ट विचारली: १९:३४ चुकली तर पुढे काय? १९:३४ च्या उजवीकडे फोटो कापला गेला होता. तिथे शनिवारी धावणारी आणि ग ला थांबणारी २०:३४ असेल, तर १८:४२ ने निघायला हरकत नाही, फार तर तासभर उशीर. पण १९:३४ हीच ग साठी शेवटची असेल, तर मी १७:४२ च सांगेन, मग ख ला तासभर ताटकळावं लागलं तरी चालेल. म्हणून त्याला उजवीकडच्या रकान्यांचा आणि तळाचा नवा फोटो पाठवायला सांगितलं.