सुट्टीच्या दिवशी काम: पैसे की बदली सुट्टी? या चुका टाळा

1 मे असो की 2 ऑक्टोबर, नाशिकच्या कॉलेज रोडवरची किंवा मेन रोडवरची दुकानं बंद ठेवणं मालकाला परवडत नाही. माणसं कामावर येतात. वाद सुरू होतो महिनाअखेरीला, पगाराच्या हिशेबात.

सगळ्यात मोठी चूक आहे ‘किंवा’ची. “पैसे घे, नाहीतर एक दिवस सुट्टी घे” असं बहुतेक ठिकाणी सांगतात आणि कामगारही मान डोलावतो. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 मधलं कलम 18(7) मात्र दोन्ही देतं: त्या दिवसाचं वेतन दुप्पट, आणि शिवाय त्याऐवजी दुसऱ्या दिवशी सुट्टी. एक दिलं म्हणून दुसरं फिटत नाही.

एका कपड्यांच्या दुकानाचं उदाहरण धरू. तिथे 24 माणसं कामाला, आठवड्याची सुट्टी मंगळवारी. काउंटरवरच्या ताईंचा पगार 18,200 रुपये. रोजचा दर काढताना 26 ने भागायची पद्धत आहे, म्हणजे 700 रुपये. मे 2026 मध्ये 1 तारखेला, शुक्रवारी, त्यांना बोलावलं. ही भरपगारी सुट्टी असल्यामुळे त्या दिवसाचे 700 महिन्याच्या पगारात आधीच धरलेले असतात. दुप्पट म्हणजे 1,400, म्हणून पगारावर किमान 700 रुपये वेगळे दिसायला हवेत. काही जण पगाराशिवाय पूर्ण दुप्पट, असा अर्थ लावतात. म्हणून नेमणूकपत्रातच हिशेबाची रीत लिहून घेतलेली बरी. आणि दर 30 ने भागून काढला तर तो 607 वर येतो. रक्कम छोटी, पण वर्षातल्या प्रत्येक अशा दिवसाला ती कापली जाते.

या ताईंना कॉम्प ऑफ ‘दिला’ तो मंगळवारी, 5 मे रोजी. तो दिवस तर त्यांच्या साप्ताहिक सुट्टीचाच! मस्टरवर नोंद नेटकी दिसते, सहीसुद्धा असते, पण हाती काहीच आलेलं नसतं. ओळखायचं कसं? हजेरीचे दिवस मोजायचे. मे महिन्याचे दिवस 31, त्यात मंगळवार चार. बदली सुट्टी त्याच महिन्यात खरोखर मिळाली असेल तर चार मंगळवार आणि एक वेगळा दिवस, असे पाच दिवस घरी, कामाचे 26. मस्टर 27 दिवस हजेरी दाखवत असेल, तर सुट्टी कागदावरच मिळाली.

मुदतीवरूनही गोंधळ होतो. “दोन महिन्यांत घेतली नाहीस, आता बाद” हे वाक्य नेहमी ऐकू येतं. दोन महिन्यांची मुदत आहे ती साप्ताहिक सुट्टी न मिळाल्यास मालकाने बदली सुट्टी द्यायची, त्यासाठी. म्हणजे ते मालकावरचं बंधन आहे. 18(7) मध्ये सणाच्या सुट्टीच्या बदल्यात मिळणारी सुट्टी बाद होते असं कुठे लिहिलेलं नाही. तरीही ती तोंडी ठेवू नका. काम केल्याच्या आठवड्यातच व्हॉट्सॲपवर का होईना, “1 मे रोजी काम केलं, बदली सुट्टी अमुक तारखेला हवी” एवढं लिहून पाठवा. सहा महिन्यांनी कोणालाच काही आठवत नाही.

आता मुळात कोणते दिवस धरायचे? कॅलेंडरवरचा प्रत्येक लाल आकडा नाही. सरकारी कार्यालयांची आणि बँकांची यादी खासगी दुकानाला आपोआप लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केलेली स्थानिक सुट्टीही नाही. कायद्याने आठ दिवस दिलेत: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि वर्ष सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंनी ठरवलेले आणखी चार. हे चार ठरवायचंच राहून जातं आणि ऐन दिवाळीत पाडवा यादीत होता की नव्हता यावर भांडण लागतं. डिसेंबरमध्ये एका कागदावर चार सण लिहून सह्या घ्या, भिंतीवर लावा.

“तुला मॅनेजर केलंय, तुला हे लागू नाही” हाही एक डाव असतो. व्यवस्थापकीय, पर्यवेक्षी किंवा गोपनीय स्वरूपाचं पद कायद्यातून वगळलं आहे खरं, पण अशा पदांची यादी संकेतस्थळावर किंवा दुकानात दिसेल अशी लावावी लागते आणि तिची प्रत सुविधाकाराकडे, म्हणजे पूर्वीच्या दुकान निरीक्षकाकडे, पाठवावी लागते. यादी मागा. नुसत्या व्हिजिटिंग कार्डावरच्या हुद्द्याने काही होत नाही.

सातपूर-अंबडच्या कारखान्यात काम करणाऱ्यांनी मात्र हे कलम दाखवत एचआरकडे जाऊ नये. कारखान्याला दुकानांचा कायदा लागत नाही. तिथे सणाच्या सुट्टीचा मोबदला स्थायी आदेशात किंवा युनियनच्या करारात काय ठरलाय ते पाहावं लागतं. कराराची प्रत युनियनच्या पदाधिकाऱ्याकडे मिळेल.