कॅशलेस नाकारलं? तोंडी 'रिजेक्ट' ऐकून पैसे भरायला धावू नका, या चुका टाळा

मिरजेत दवाखान्यांची कमी नाही. सांगली जिल्ह्यातली निम्मी दुखणी शेवटी मिरजेच्या कुठल्या तरी लिफ्टमध्ये चढतात. आमच्या तासगावच्या काकांचंही तसंच झालं. मंगळवारी रात्री छातीत कळ आली आणि बारा वाजेपर्यंत ते आयसीयूत होते. बुधवारी सकाळी अँजिओप्लास्टी ठरली. आरोग्य विम्याची पॉलिसी होती, दवाखाना विमा कंपनीच्या यादीत होता, हप्ते वेळेवर भरलेले होते. तरी दुपारी तीनच्या सुमारास दवाखान्यातल्या विम्याच्या, म्हणजे टीपीए काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करताच सांगितलं, "तुमचं कॅशलेस रिजेक्ट झालंय. डिपॉझिट भरा, नंतर रीइम्बर्समेंट टाका."

का रिजेक्ट झालं, असं विचारलं तर, "ते कंपनीला विचारा." कंपनीच्या हेल्पलाइनवर फोन लावला तर, "हॉस्पिटलनं माहिती दिली नाही, त्यांना विचारा." बुधवार-गुरुवार हे दोन दिवस या दोन वाक्यांच्या मधे गेले. त्या दोन दिवसांत आम्ही ज्या चुका केल्या, त्या इथे लिहितो.

पहिली चूक: 'रिजेक्ट' हा एकच शब्द आहे असं समजणं

काउंटरवर सगळ्यालाच रिजेक्ट म्हणतात. प्रत्यक्षात त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली क्वेरी. कंपनीला एखादा रिपोर्ट किंवा जुना केस पेपर हवा असतो आणि उत्तर जाईपर्यंत फाईल अडून राहते. हा नकार नव्हेच. दुसरी गोष्ट म्हणजे कॅशलेस सुविधा नाकारणं. मिळालेल्या माहितीवरून आत्ता ठरवता येत नाही, उपचार करा, बिलं नंतर पाठवा, असा त्याचा अर्थ. तिसरी गोष्ट म्हणजे दावाच फेटाळणं: हा आजार पॉलिसीत बसत नाही, म्हणून पैसे मिळणार नाहीत.

तिसऱ्या प्रकाराला नियम कडक आहेत. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय दावा फेटाळता येत नाही, आणि फेटाळल्यास पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा संदर्भ देऊन कारण कळवावं लागतं. शिवाय दावा फेटाळण्याचा अधिकार विमा कंपनीचा आहे, टीपीएचा नाही. टीपीए म्हणजे कंपनीच्या वतीनं दाव्यांचे कागद हाताळणारा मधला कारभारी.

दुसऱ्या प्रकारात मात्र पळवाट आहे. कंपनी म्हणू शकते, "आम्ही दावा कुठे फेटाळला? फक्त कॅशलेस नाही म्हणालो." म्हणून पत्रात सगळ्यात आधी विचारायचं ते हेच, की तुम्ही सुविधा नाकारलीत की दावा फेटाळलात? दोन्हींपैकी एक लिहून द्या. आम्ही मात्र पहिल्या दिवशी हेल्पलाइनवर चार वेळा भांडलो आणि हा प्रश्न एकदाही विचारला नाही.

दुसरी चूक: प्रीऑथ फॉर्म न वाचणं

सगळं घोडं इथेच अडलं होतं. कॅशलेसच्या पूर्वमंजुरीसाठी दवाखाना कंपनीला जो फॉर्म पाठवतो, तो प्रीऑथ. त्याचा एक भाग उपचार करणारे डॉक्टर भरतात. त्यात आजार किती दिवसांचा, पहिल्यांदा कधी दाखवलं, आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा असं काही आधीपासून असल्यास कोणत्या महिन्यापासून, हे रकाने असतात. प्रत्यक्षात हा भाग रात्रपाळीचा निवासी डॉक्टर नातेवाइकांना विचारून घाईत भरतो. खाली सही आपलीही असते, आणि ती आपण न वाचता करतो.

काकांना रात्री विचारलं होतं, "बीपी किती दिवसांपासून?" ऑक्सिजनच्या मास्कमधून काका म्हणाले, "झालं की चार-पाच." त्यांना म्हणायचं होतं पाच महिने. फॉर्मवर आलं, रक्तदाब ५ वर्षं.

पॉलिसी घेऊन तेव्हा २ वर्षं ४ महिने झाले होते. बीपी खरोखर पाच वर्षांचं असतं, तर ते पॉलिसीच्या आधीचं ठरलं असतं. आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त ३ वर्षांचा असतो, आणि आमच्या पॉलिसीत तो तेवढाच होता. म्हणजे काका अजून त्या काळात होते. शिवाय पॉलिसी घेताना बीपी लपवलं, असा संशयही आला असता. महिन्यांच्या जागी वर्षं लिहिली गेली, एवढ्यावर सुमारे दोन लाखांचं बिल लटकलं होतं.

हे आम्हाला गुरुवारी सकाळी कळलं, तेही फॉर्मची प्रत हातात पडली तेव्हा. तोवर आम्ही कंपनी पैसे बुडवायला बसली आहे, असंच धरून चाललो होतो.

तिसरी चूक: दोघांना एकच पत्र

आम्ही पहिला मेल दवाखाना आणि कंपनी दोघांना मिळून पाठवला. दोघांनीही तो दुसऱ्यासाठी आहे असं समजून सोडून दिला. दोघांकडून हव्या असलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत. दवाखान्याकडून कागद हवेत, कंपनीकडून कारण हवं.

दवाखान्याला वैद्यकीय अधीक्षक किंवा प्रशासकाच्या नावे साधा अर्ज करा. आमचा असा होता:

> विषय: कॅशलेस नाकारल्यासंबंधी कागदपत्रे मिळणेबाबत.
>
> रुग्णाचे नाव, आयपीडी क्रमांक, दाखल तारीख व वेळ. बुधवारी दुपारी टीपीए काउंटरवर कॅशलेस नाकारल्याचे तोंडी सांगण्यात आले. कृपया पुढील प्रती द्याव्यात: आपण पाठवलेला प्रीऑथ फॉर्म सर्व पानांसह, कंपनीकडून आलेल्या सर्व क्वेरी व आपली उत्तरे, पाठवल्याच्या वेळांसह, नकाराचे पत्र किंवा पोर्टलवरील नोंदीची प्रत. फॉर्ममधील पूर्वआजाराच्या नोंदीत चूक असल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे खुलासापत्र मिळावे.

दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख, वेळ घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज दवाखान्याच्या मेलवर पाठवा. "पेशंटला कागद देत नाही" असं सांगितलं तर नम्रपणे आठवण करून द्या, की वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णानं मागितलेली वैद्यकीय कागदपत्रं ७२ तासांत द्यावी लागतात. आम्हाला एवढं बोलावं लागलं नाही. अर्ज घेऊन वर गेलो आणि अर्ध्या तासात झेरॉक्स मिळाली.

वेळांचा आग्रह धरा. प्रीऑथ मिळाल्यापासून एका तासात कंपनीनं निर्णय द्यावा, असं वर सांगितलेल्या परिपत्रकातच आहे. आमच्या कागदांवर दिसलं, की क्वेरी ११.२५ ला आली होती आणि दवाखान्यानं उत्तर पाठवलं २.१० ला, तेही "कृपया फॉर्म पाहावा" एवढंच. त्यानंतर चाळीस मिनिटांत नकार आला. म्हणजे उशीर कंपनीचा नव्हता. हे कळल्यावर कंपनीला लिहायचं पत्र आपोआप शांत झालं.

चौथी चूक: 'अन्याय झाला' असं लिहिणं

आमच्या पहिल्या मेलमध्ये दहा वर्षांचा मनस्ताप होता आणि क्लेम क्रमांक नव्हता. वाचणाऱ्याला मनस्तापाचं करता येण्यासारखं काही नसतं. दुसऱ्या मेलमध्ये पॉलिसी क्रमांक, क्लेम क्रमांक, दवाखाना, दाखल झाल्याची वेळ एवढं वर लिहिलं आणि खाली चारच प्रश्न ठेवले:

> आपण कॅशलेस सुविधा नाकारली आहे की दावा फेटाळला आहे?
>
> हा निर्णय पॉलिसीच्या कोणत्या अटीनुसार, क्रमांकासह?
>
> कोणत्या कागदातील कोणत्या नोंदीवरून?
>
> निर्णय टीपीएचा आहे की विमा कंपनीचा? दावा फेटाळला असल्यास पुनरावलोकन समितीची मंजुरी कोणत्या तारखेची?

सोबत डॉक्टरांचं खुलासापत्र आणि तासगावच्या आमच्या फॅमिली डॉक्टरांची पाच महिन्यांपूर्वीची चिठ्ठी जोडली. बीपीची गोळी पहिल्यांदा लिहिलेली तीच. मेल टीपीएला, कंपनीच्या ग्राहक सेवेला आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याला गेला. या अधिकाऱ्याचा पत्ता पॉलिसीच्या शेवटच्या पानांत असतो, जी पानं आपण कधी उलटत नाही.

पाचवी चूक: फॉर्मवर खाडाखोड करायला लावणं

आमच्या एका पाहुण्यांनी सुचवलं, "त्या पोराला सांगा, पाचच्या पुढचं वर्षं खोडून महिने कर." हे मुळीच करू नका. एक फॉर्म कंपनीकडे आधीच पोचलेला असतो, दुसरा वेगळा गेला की साधी चूक बनवाबनवीसारखी दिसते. योग्य रस्ता म्हणजे लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह वेगळं खुलासापत्र. आधी काय लिहिलं गेलं, बरोबर माहिती काय आहे आणि ती कोणत्या कागदावरून, एवढ्या तीन ओळी पुरतात. आणि बीपी खरंच पाच वर्षांचं असेल तर असं पत्र मागू नका. डॉक्टरनं ते देऊही नये. तेव्हा प्रश्न प्रतीक्षा काळाचा उरतो, किंवा पॉलिसी सलग ५ वर्षं चालू असेल तर वेगळा. कारण ५ वर्षांनंतर माहिती दिली नाही या कारणावरून दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो.

सहावी चूक: पैसे भरताना मिळेल त्या कागदावर सही

पेशंट आयसीयूत असताना डिपॉझिट भरावंच लागतं, त्याला इलाज नाही. आम्ही ५० हजार भरले. पण सोबत आलेल्या कागदावर "रुग्णाने स्वतःहून रोखीचा पर्याय निवडला" असं वाक्य होतं. काकूंनी ते खोडून "कॅशलेस नाकारल्यामुळे भरणा, हरकत कायम ठेवून" असं लिहिलं आणि मग सही केली. काउंटरवरच्या मुलीनं ओठ मुडपले, पण कागद घेतला. त्या एका ओळीनं पुढे वाद टळतो.

नवी प्रीऑथ दवाखान्यानं खुलासापत्रासह गुरुवारी दुपारी पाठवली. पेशंट दाखल असेपर्यंत ती पुन्हा पाठवता येते, हे काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही. संध्याकाळी १ लाखाची सुरुवातीची मंजुरी आली. शनिवारी डिस्चार्जच्या वेळी उरलेली मंजूर झाली. हातमोजे, फाईल चार्ज असल्या किरकोळ गोष्टी वगळून डिपॉझिट परत मिळालं.

मंजुरी आली नसती, तर बिलं, पावत्या, डिस्चार्ज समरी आणि स्टेंटचं स्टिकर जपून रीइम्बर्समेंट टाकायचंच होतं. कॅशलेस नाही म्हणजे दावा संपला, असं नसतं. तक्रार निवारण अधिकाऱ्याकडून दोन आठवड्यांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर bimabharosa.irdai.gov.in वर किंवा 155255 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. लेखी तक्रारीला महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटण्यासारखं आलं नाही, तर विमा लोकपाल. सांगली-साताऱ्यासाठी लोकपालांचं कार्यालय पुण्यात आहे. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, आणि कंपनीनं नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. तिथे अर्जासोबत पहिला कागद मागतात तो कंपनीला केलेल्या लेखी तक्रारीचा. फोनवरच्या भांडणाची प्रत निघत नाही.