कातरणीनंतरचं डिपिंग: आधी काय झालंय ते बघा, मग औषध मोजा

पावसाळा उघडून कातरणी झाली की मेंढरांना औषधाच्या पाण्यात बुडवायची किंवा फवारायची हीच वेळ, दिवाळीनंतर कळप कोकणाकडं निघायच्या आधी. कातरल्या कातरल्या लगेच मात्र करू नका, कात्रीचे काप ओले असतात आणि औषध धरून ठेवायला लोकरही नसते. दोन-तीन आठवडे जाऊ द्या, बोटाच्या पेरापेक्षा कमी लोकर आली की औषध कातडीपर्यंत पोचतं आणि टिकतंही.

आता सगळ्यात मोठी चूक कुठं होते तर मेंढरू बाभळीला अंग घासतंय, दातानं लोकर ओढतंय एवढं बघून थेट औषध आणलं जातं. घासणं सगळ्यातच असतं. म्हणून सात-आठ मेंढरं धरा, उन्हात उभी करा आणि मान, खांदा, कुशी इथं लोकर दोन्ही हातांनी फाकवून बघा. उवा तिळापेक्षा बारीक, फिकट तपकिरी, उजेड पडला की लोकरीच्या मुळाशी पळतात. केड हा दिसायला गोचिडासारखा पण खरं तर बिनपंखाची माशी, चपटी, अर्ध्या सेंटिमीटरची, पाय मोजले तर सहा भरतात, मोठ्या गोचिडाला आठ असतात, आणि लोकरीला चिकटलेले तपकिरी दाणे दिसले तर ते त्याचे कोष. आपल्या तापत्या माळावर केड कमीच, थंड मुलखात जास्त. तिसरा प्रकार खरजेचा किडा, तो डोळ्याला दिसतच नाही, दिसते ती पिवळट ओलसर खपली आणि लोकरीचे सुटलेले पुंजके. पाठीवर खपलीपाशी बोटानं खाजवलं की मेंढरू ओठ चावल्यासारखे हलवायला लागलं तर खरजेचा संशय धरा आणि जखमेच्या मधून नाही तर कडेची खपली खरवडून पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासायला द्या.

हे एवढं सांगतोय कारण आमच्याकडं हेच चुकलं होतं. खरूज होती आणि आम्ही पाठीवरच्या पंपानं वरून फवारून मोकळे झालो, लोकर वरून भिजली, आत खपलीखाली कोरडीच राहिली, महिन्याभरात निम्म्या कळपाची कुशी उघडी पडली. उवा, गोचीड असतील आणि लोकर आखूड असेल तर फवारणी चालते, प्रत्येक मेंढराला दोनेक लिटर पाणी, पोट-जांघ-शेपटीखाली सगळीकडं, हातानं लोकर उलटी करत. खरजेला मात्र पूर्ण बुडवणंच लागतं, मिनिटभर पाण्यात आणि त्यात डोकं एक-दोनदा क्षणभर आत, नाहीतर डॉक्टरांकडून आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन. पण लोकर-कातडी कुरतडणाऱ्या उवांवर त्या इंजेक्शनचा भरवसा नाही, हे लक्षात ठेवा.

औषधाचं माप. जनावरांसाठीचं डेल्टामेथ्रिन 1.25 टक्के मिळतं, त्याचं नेहमीचं प्रमाण लिटर पाण्याला उवांसाठी 1 मिली, गोचिडासाठी 2 मिली, खरजेसाठी 4 मिली. तुमच्या बाटलीच्या कागदावर वेगळं असेल तर कागद खरा, कारण टक्के बदलले की मिली बदलतात. पिकावरचं औषध स्वस्त पडतं म्हणून तेच ओतणारे आहेत, त्याची ताकद वेगळी, त्यातलं तेल वेगळं, कातडी भाजते, ते नकोच. आणि तणनाशक मारलेला पंप कितीही धुतला तरी मेंढरांसाठी वापरू नका.

समजा 60 मोठी मेंढरं आहेत, उवा आणि गोचीड दोन्ही दिसले आणि सिमेंटचा हौद आहे. हौदात पाणी किती हे अंदाजानं सांगू नका, 20 लिटरच्या बादलीनं मोजून भरा, 20 बादल्या म्हणजे 400 लिटर, तिथं भिंतीवर खूण करा. 2 मिलीच्या हिशेबानं 800 मिली औषध, ते आधी अर्ध्या बादलीत ढवळून मग हौदात, आणि काठीनं तळापासून हलवा. एक मेंढरू निथळूनसुद्धा साधारण दोन लिटर घेऊन जातं, म्हणजे 20 मेंढरांमागं 40 लिटर पाणी खाली. इथं बरेच जण नुसतं पाणी ओततात किंवा काहीच करत नाहीत. पाण्यापेक्षा औषध लोकरीला जास्त चिकटतं, त्यामुळं हौदात उरलेलं पाणी हळूहळू पातळ होत जातं आणि शेवटची मेंढरं नुसती आंघोळ करून निघतात. भर घालताना प्रमाण दीडपट धरा, लिटरला 3 मिली, म्हणजे 40 लिटरला 120 मिली, 20 नंतर एकदा आणि 40 नंतर एकदा, कागदावर भरीचं प्रमाण दिलं असेल तर तेच. एकूण 1040 मिली लागलं. लेंड्या-मातीनं पाणी दाट झालं तर भर घालत बसू नका, नवीन करा.

त्या दिवशी सकाळी मेंढरांना पोटभर पाणी पाजा, तहानलेलं मेंढरू हौदातलंच पितं. ऊन असलेला, पाऊस नसलेला दिवस, दुपारच्या आत काम संपवायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत लोकर वाळते. शेवटच्या महिन्यातल्या गाभण, आजारी, जखमी मेंढरांना आणि महिन्याच्या आतल्या कोकरांना बुडवू नका, त्यांचं डॉक्टरांना विचारून करा. पण त्यांना तसंच कळपात सोडलं तर उवा तिथूनच परत पसरतात, म्हणून उपचार होईपर्यंत वेगळं वाडगं.

डेल्टामेथ्रिनऐवजी अमिट्राझ हे औषध वापरत असाल तर घोडं लांब बांधा. बिऱ्हाडाचं घोडं असतंच आपल्याबरोबर, आणि ह्या औषधानं घोड्याचं आतडं थांबून जीव जातो, त्याला ते लावायचं नाहीच, उरलेल्या पाण्यालाही तोंड लावू द्यायचं नाही.

माणसाला धोका सगळ्यात जास्त बाटली उघडून मापताना, कारण तिथं औषध बिनपाण्याचं असतं. कापडी नाही, रबरी हातमोजे, गमबूट, पुढं प्लास्टिकचा एप्रन, डोळ्याला चष्मा. बाह्या मोज्यात नाही तर मोज्यावरून खाली सोडा, नाहीतर हात खाली केला की ओघळ आत जातो. फवारणी वाऱ्याकडं पाठ करून. मधेच तंबाखू, बिडी, चहा नाही. तोंडाला मुंग्या येऊन भाजल्यासारखं झालं तर गरम पाणी टाळा, साबण आणि गार पाणी. अमिट्राझनं गुंगी, नाडी मंद, आणि ऑरगॅनोफॉस्फेट गटाच्या औषधानं लाळ, घाम, बाहुल्या बारीक होणं दिसतं, असं काही झालं की भिजलेले कपडे काढायचे, अंग धुवायचं आणि बाटली बरोबर घेऊनच दवाखाना गाठायचा, डॉक्टरला कुठलं औषध हे त्यावरूनच कळतं.

उरलेलं पाणी ओढ्यात, विहिरीजवळ अजिबात नाही, मासे-खेकडे लगेच मरतात. पाण्यापासून लांब, सपाट पडीक जमिनीवर पसरून टाका, तिथं काही दिवस चारू नका. मटण-दुधासाठी किती दिवस थांबायचं ते बाटलीवर बघा.

आणि एकदा करून भागत नाही, लिखा औषधानं मरत नाहीत. उवांसाठी 14 दिवसांनी, खरजेला 8 ते 10 दिवसांनी, केड असेल तर कोषातून माशी निघायला तीन आठवडे लागतात म्हणून साधारण चौथ्या आठवड्यात दुसरी फेरी, आणि दोन्ही वेळा सगळा कळप, एकाच दिवशी. शेजारचा कळप त्याच वाघरीला घासून बसत असेल तर त्यालाही बरोबर घ्या. दुसऱ्या फेरीनंतर दहा दिवसांनी परत तशीच सात-आठ मेंढरं धरून लोकर फाकवून बघा, जिवंत उवा हलताना दिसल्या तर आधी माप तपासा, नीट असेल तर डॉक्टरांना सांगून औषधाचा गट बदला.